पार्टनर परदेशात गेलाय आणि वेळ जुळत नाहीये? कॉलचं वेळापत्रक कसं बसवायचं, स्टेप बाय स्टेप

माझ्या ओळखीत दर ऑगस्टमध्ये दोन-तीन जोड्या अशा होतात, एक जण पुण्यात नाहीतर ठाण्यात आणि दुसरा एमएस करायला अमेरिकेत, नाहीतर जर्मनीत. आणि ऑक्टोबर आला की मला फोन येतो की "अगं आमचं रोज भांडण होतंय, काय करू". विचारलं की नेहमी एकच निघतं, एअरपोर्टवर रडत रडत ठरवलेलं असतं की रोज रात्री बोलायचंच. कुणाची रात्र ते कुणीच ठरवलेलं नसतं.

माझा नवरा (तेव्हा बॉयफ्रेंड) दोन वर्षं डॅलसजवळ शिकत होता आणि मी कोथरूडहून हिंजवडीला जॉबला जात होते. आम्ही पहिले चार महिने सगळं चुकीचं केलं, मग हळूहळू बसवलं. खालच्या स्टेप्स त्यातूनच आल्यात, उदाहरण डॅलस-पुण्याचं आहे पण पद्धत कुठल्याही देशाला लागते. क्रम मात्र बदलू नका, कारण बरेच लोक डायरेक्ट तिसऱ्या स्टेपवर जातात आणि तिथेच गडबड होते.

१. जायच्या आधी: दोघांचा आठवडा कागदावर काढा

जायच्या साधारण दोन आठवडे आधी एक कागद घ्या आणि आपापला आठवडा लिहा. प्रेमाचं काही नको, फक्त झोप, प्रवास, ऑफिस, स्वयंपाक, जिम, घरातली कामं. जाणाऱ्याचं टाइमटेबल अजून आलेलं नसतं, पण एमएसचे बरेच क्लास संध्याकाळी असतात आणि कॅम्पसवरचा जॉब मिळाला तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत त्यात जातात, एवढं धरून चाला.

मग दुसरी गोष्ट लिहा जी कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे बोलायची जागा. तो चार रूममेट्सबरोबर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणार, मी आई-बाबांबरोबर टू बीएचकेमध्ये, म्हणजे दोघांनाही दार लावून बोलायला खोलीच नाही. आमचे सुरुवातीचे कॉल इतके कोरडे का व्हायचे ते मला खूप नंतर कळलं, मी हॉलमध्ये बसून बोलायचे आणि बाबा शेजारी पेपर वाचत असायचे, आणि तिकडे मागे कुणीतरी कुकर लावलेला असायचा. मग मी गच्चीवर जायला लागले आणि तो त्यांच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये. मागे ड्रायरचा घुर्र आवाज यायचा, पण त्या खोलीत तो पहिल्यांदा म्हणाला की मला इथे एकटं वाटतंय. हॉलमधल्या कॉलवर ते कधीच आलं नसतं.

लक्ष ठेवा: पहिले तीन आठवडे कुठलाही कॉल फिक्स करू नका. घर, सिम, बँक अकाउंट, क्लासचं रजिस्ट्रेशन, कॅम्पस जॉबसाठी अर्ज, सगळं त्यातच असतं आणि झोपही उलटी झालेली असते. त्या काळात रोज एक मेसेज एवढंच ठरवा, "पोचलो, जेवलो, ठीक आहे" टाइपचा. पक्कं वेळापत्रक क्लास सुरू झाल्यावर बसवा, आधी नाही.

२. फरक नीट मोजा आणि दोन खिडक्या शोधा

आपला अर्धा तास सगळ्यांना फसवतो. डॅलस किंवा शिकागोला उन्हाळ्याच्या वेळेत आपल्यापेक्षा साडेदहा तासांनी मागे आणि हिवाळ्यात साडेअकरा तासांनी. न्यूयॉर्कच्या बाजूला साडेनऊ आणि साडेदहा, कॅलिफोर्नियाला साडेबारा आणि साडेतेरा. जर्मनीला साडेतीन आणि साडेचार, फारच सोपं.

डॅलससाठी मी एक युक्ती वापरायचे. आपली वेळ घ्यायची, सकाळचं रात्र करायचं (किंवा रात्रीचं सकाळ), आणि उन्हाळ्यात त्यात दीड तास मिळवायचा, हिवाळ्यात अर्धा. म्हणजे माझे सकाळचे ७ म्हणजे त्याचे आदल्या रात्रीचे साडेआठ, आणि हिवाळ्यात साडेसात. "आदल्या" हा शब्द महत्त्वाचा आहे, तो विसरला की पुढची चूक ठरलेलीच.

आता दोघांचे कागद शेजारी ठेवा. अमेरिका असेल तर साधारण दोनच खिडक्या उरतात, आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र, आणि आपली रात्र म्हणजे त्यांची सकाळ. आमचं असं निघालं की माझी कंपनीची बस ८:१० ला, त्यामुळे सकाळी ६:४५ ते ७:४५ मी मोकळी, तेव्हा त्याचे सव्वाआठ ते सव्वानऊ. रात्री साडेनऊनंतर मी मोकळी, तेव्हा त्याचे सकाळचे अकरा, पण मंगळवार-गुरुवार तो तेव्हा लायब्ररीत ड्युटीवर. म्हणून कामाच्या दिवशी माझी सकाळ आणि वीकेंडला कुठलीही, असं ठरलं.

युरोपवाल्यांसाठी वेगळी सूचना. तिथे आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे सहा नाहीतर पाच, त्यामुळे रोज बोलता येतं असं वाटतं आणि खरंच येतंही. पण तीच वेळ तिथे मित्र व्हायची, भाजी आणायची, बाहेर पडायची असते. रोज संध्याकाळ फोनवर गेली तर सहा महिन्यांनी त्या माणसाला तिथे कुणीच नसतं आणि सगळा भार तुमच्या एका कॉलवर येतो. जर्मनी असली तरी आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तरी कॉलशिवाय ठेवा.

तपासून बघा: निवडलेल्या खिडकीसाठी कुणाची रोजची झोप सात तासांच्या खाली जातेय का? जात असेल तर ती खिडकी नाही. "माझं चालेल गं, मी जागतो" हे पहिला महिना खरं असतं, तिसऱ्या महिन्यात तोच माणूस कॉलवर डोळे मिटून हं हं करत असतो आणि समोरच्याला वाटतं की इंटरेस्ट संपला.

३. कॉल थोडे ठेवा, पण त्यांचे प्रकार वेगळे करा

रोज एक तास हे टिकत नाही आणि टिकलं तरी त्यात "जेवलीस का, काय जेवलीस, मग काय" एवढंच उरतं. आम्ही शेवटी जे धरलं ते असं.

आठवड्यातून एक मोठा कॉल, दीड तासाचा, व्हिडिओवर. माझी रविवारची सकाळ, त्याची शनिवारची रात्र. हा हलवायचा नाही, आणि हलवायचाच असेल तर ज्याला हलवायचाय त्याने दुसरी वेळ सोबतच सांगायची. "या वीकेंडला नाही जमणार" एवढंच लिहून सोडणं बंद.

कामाच्या दिवशी दोन छोटे कॉल, वीस मिनिटांचे, बुधवार आणि शुक्रवार सकाळी. हे नुसते ऑडिओ, तो भांडी घासतोय, मी डबा भरतेय, चालतं. यात गंभीर विषय काढायचा नाही कारण वीस मिनिटांत तो संपत नाही आणि मग अर्धवट डोक्यात घेऊन मी बसमध्ये आणि तो अभ्यासाला बसलेला.

बाकी दिवस व्हॉइस नोट. आणि आमच्याबाबतीत तरी सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. टाइप केलेल्या मेसेजमध्ये आवाज कळत नाही, कॉलला वेळ जुळावी लागते, व्हॉइस नोट या दोन्हींच्या मधे बसते. मी बसमधून उतरून ऑफिसपर्यंत चालताना दोन-तीन मिनिटांची करायचे, तो उठून ब्रश करताना ऐकायचा. फक्त तीन मिनिटांच्या वर नको, आणि त्यात प्रश्न एकच ठेवा, पाच विचारले तर समोरचा एकाचंच उत्तर देतो आणि बाकी चार तुम्हाला टोचत राहतात.

सावधान: दिवस सांगताना नेहमी दोघांचा सांगा. "शनिवारी बोलू" असं कधीच म्हणू नका. "तुझी शनिवार रात्र, माझी रविवार सकाळ" असं म्हणा. आमचा पहिला मोठा वाद या एका शब्दावरून झाला, मी शनिवारी सकाळी सहाला उठून गच्चीवर बसले होते आणि त्याच्यासाठी तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती, तो मित्रांबरोबर ग्रोसरी आणायला गेलेला.

४. कॅलेंडरमध्ये टाका आणि घड्याळ बदलायचे दिवस आधीच खुणावून ठेवा

तोंडी ठरवलेलं दोन आठवडे टिकतं. गुगल कॅलेंडरमध्ये कंप्युटरवर सेटिंग्जमध्ये `Display secondary time zone` आहे, ते दोघांनी चालू करा, म्हणजे डाव्या बाजूला दोन्ही शहरांच्या वेळा शेजारी दिसतात. मग तिन्ही कॉल दर आठवड्याला रिपीट होणारे इव्हेंट म्हणून टाका आणि दोघांना इन्व्हाइट करा.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. इव्हेंट ज्या टाइम झोनमध्ये बनवला त्या शहराची वेळ तो धरून ठेवतो. मी पुण्यातून सकाळी ७ चा बनवला तर वर्षभर माझे ७ च राहतात आणि त्याच्या बाजूची वेळ एका तासाने सरकते. म्हणून ज्याची वेळ अजिबात हलू शकत नाही त्याच्या टाइम झोनमध्ये इव्हेंट बनवा.

आपल्याकडे घड्याळ बदलत नाही म्हणून आपल्याला हे डोक्यातच नसतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ॲरिझोनामध्ये (नवाहो लोकांचा भाग सोडला तर) बदलतच नाही, तिथे कुणी असेल तर वर्षभर साडेबारा तास.

आमचं काय झालं ते सांगते. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात बुधवारी सकाळी मी ७ ला फोन लावला, तो कट. परत लावला, कट. मेसेज आला "क्लासमध्ये". त्याचा मंगळवारचा क्लास ७ ते सव्वाआठ, आधी माझ्या ७ ला त्याचे साडेआठ असायचे म्हणजे क्लास सुटलेला, आता माझ्या ७ ला साडेसातच. तो क्लास सुटल्यावर नेहमीसारखा त्याच्या साडेआठला फोन करायचा, तेव्हा माझे ८ वाजलेले आणि दहा मिनिटांत बस. मला वाटायचं हा आता उशिरा करायला लागलाय, त्याला वाटायचं ही आता दहा मिनिटांत फोन ठेवायला बघते. दहा-बारा दिवस दोघंही मनात ठेवून बसलो. शेवटी रविवारच्या कॉलवर कागद काढला तेव्हा कळलं की कुणीच काही केलेलं नाही, घड्याळ सरकलंय. तो बुधवारचा कॉल आम्ही माझ्या रात्री पावणेदहाला नेला, त्याच्या सकाळी सव्वादहाला, कारण लायब्ररीची ड्युटी मंगळवार-गुरुवारच होती.

तपासून बघा: घड्याळ बदलायच्या आधीच्या मोठ्या कॉलवर पंधरा मिनिटं फक्त यासाठी ठेवा. प्रत्येक कॉल घ्या, नवीन वेळ दोन्हीकडे मोठ्याने म्हणा, आणि जो बसत नाही तो तिथेच हलवा.

५. मेसेजवर लेबल लावा

तुमचा मेसेज समोरचा झोपेतून उठून वाचतो हे लक्षात ठेवा. रात्री अकराला मी लिहिलेलं "आपल्याला बोलायला हवं" त्याला दुपारी क्लासच्या दारात दिसणार, आणि मी तोपर्यंत झोपलेली. मग तो दिवसभर ते डोक्यात घेऊन फिरणार.

आम्ही साधे शब्द ठरवले होते. नुसतं सांगायचं असेल तर शेवटी "असंच". उत्तर हवं असेल तर "उद्यापर्यंत सांग" किंवा जी वेळ असेल ती. आणि खरंच बोलायचं असेल तर विषय तिथेच लिहायचा, "रविवारी डिपॉझिटच्या पैशांबद्दल बोलू, भांडण नाही, घाबरू नको". वाचायला जरा ऑफिससारखं वाटतं, पण समोरच्याची झोप वाचते.

सावधान: लास्ट सीन बघून हिशोब करू नका. दोन वाजता ऑनलाइन दिसला म्हणजे तो तुम्हाला टाळतोय असं नाही, असाइनमेंटच्या ग्रुपवर असेल. एवढ्यावरून दर वेळी वाद होत असेल तर दोघांनी मिळून लास्ट सीन बंद करून टाका, आम्ही तेच केलं.

६. भांडण झालं तर: हा क्रम पाळा

एकाच शहरात असताना भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी भेटून मिटतं. इथे गणित वेगळं आहे. तो रात्री साडेबाराला रागात फोन ठेवून झोपला तर माझे सकाळचे ११ वाजलेले असतात (उन्हाळ्यात), आणि तो साडेसातला उठतो तेव्हा माझे संध्याकाळचे ६. त्याची एक झोप म्हणजे माझा अख्खा ऑफिसचा दिवस, मीटिंगमध्ये बसून घशात आवंढा. उलटंही तसंच. म्हणून फोन कसा ठेवायचा हे आधी ठरवायला लागतं.

पहिलं, थांबायची वेळ. दोघांपैकी कुणाचेही रात्रीचे साडेअकरा वाजले किंवा पुढच्या तासाभरात क्लास, परीक्षा, मीटिंग असेल तर नवीन विषय काढायचा नाही आणि चालू असलेला थांबवायचा.

दुसरं, थांबवताना तीन गोष्टी सांगायच्या, थांबतोय हे, का थांबतोय हे, आणि परत कधी. "मी आता ठेवतो, मला धड विचार करता येत नाहीये, तुझ्या उद्या सकाळी ७ ला मी फोन करतो." तिसरी गोष्ट राहिली की समोरच्याला ते सोडून जाणं वाटतं. आणि ती वेळ ज्याने दिली त्यानेच फोन करायचा, दहा मिनिटंसुद्धा इकडे-तिकडे नाही.

तिसरं, मधल्या वेळात लांबलचक मेसेज पाठवायचे नाहीत. लिहायचं असेल तर फोनच्या नोट्समध्ये लिहा. मी तिथे लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचलं की त्यातलं निम्मं मलाच बोलावंसं वाटायचं नाही.

चौथं, परत फोन झाला की "तू नेहमीच" ने सुरुवात नको. काय झालं, कुठल्या दिवशी, मला त्याचं काय वाटलं, एवढंच. आणि कॉल संपायच्या आधी पुढच्या आठवड्यात नक्की काय बदलणार ते एक वाक्यात ठरवा. "मी जास्त वेळ देईन" हे बदलणं नाही, "शुक्रवारचा कॉल मी लावणार" हे बदलणं.

सावधान: कुठे आहेस ते आत्ता व्हिडिओ लावून दाखव, रूममेट कोण आहेत दाखव, फोन उचलला नाही तर वीस मिस्ड कॉल, हे चालू असेल तर वेळापत्रकाने ते सुटणार नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी जवळच्या कुणाशी तरी किंवा समुपदेशकाशी बोला.

७. घरच्यांची वेळ वेगळी काढा

हे आपल्याकडचं खास आहे. रविवारची सकाळ तुम्हाला पाहिजे, तीच त्याच्या आईलाही पाहिजे. काकूंचा व्हिडिओ कॉल साडेआठला सुरू व्हायचा, मग मावशी यायची, मग आजीला दाखव, आणि आमचा नऊचा कॉल दहापर्यंत ढकलला जायचा, तोपर्यंत त्याचे रात्रीचे साडेअकरा. मी मनातल्या मनात काकूंवर चिडायचे, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे ज्याचे आई-वडील त्यानेच बोलायचं. त्याने काकूंना सांगितलं, "आई, रविवारी तुझा सकाळी साडेसातचा, निवांत एक तास, आणि बुधवारी पाच मिनिटं आवाज ऐकवतो." त्यांना उलट बरं वाटलं, कारण त्यांनाही हक्काची वेळ मिळाली. घरी अजून सांगितलेलं नसेल तरी कारण न देता एवढं करता येतं.

सणांचं आधी बघून ठेवा. गणपतीत आमच्याकडे आरती संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्याचे सकाळचे ९, आणि सेमिस्टर ऐन भरात. पहिल्या वर्षी तो क्लासच्या बाहेर उभा राहून आरती बघत होता आणि मी फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होते. दुसऱ्या वर्षी दहा दिवसांतला एक शनिवार धरला, फोन स्टँडवर लावला, आणि त्याने तिकडे रूममेट्सबरोबर मोदक आणून ठेवले होते.

वाढदिवसाला बाराचा फोन कुणाच्या बाराचा ते ठरवा. आम्ही ज्याचा वाढदिवस त्याच्या शहराचे बारा असं धरलं.

८. परीक्षा आणि भेट

सेमिस्टर सुरू झालं की त्याच्याकडून मिडटर्म आणि फायनलचे आठवडे मागून घ्या, फायनल बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीला येतात. त्या दोन आठवड्यांत छोटे कॉल बंद, मोठा अर्ध्या तासाचा. आधी ठरवून कमी केलेला कॉल टोचत नाही. तुमच्या ऑफिसचं रिलीज असेल तर तुम्हीही हेच मागा, ते एकतर्फी नको.

भेटीची तारीख अंदाजाने का होईना कॅलेंडरमध्ये हवी. तिकीट काढायच्या आधी त्याने कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आय-२० वर, म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावर, ट्रॅव्हलची सही आहे का आणि व्हिसा परत यायच्या तारखेला चालू आहे का ते बघायचं, आपण आग्रह करून "ये ना डिसेंबरमध्ये" म्हणतो आणि हे राहून जातं.

आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मोकळे सोडा. अमेरिकेहून आलेला माणूस संध्याकाळी पाचला जेवताना पेंगतो आणि पहाटे तीनला टक्क जागा असतो. तुम्ही दहा महिने वाट बघितलेली असते आणि तो समोर बसून झोपतो, तेव्हा वाईट वाटतं, पण ते जेटलॅग आहे. ट्रिप, नातेवाईकांची जेवणं, लग्नाची बोलणी, सगळं चौथ्या दिवसानंतर.

आणि परत जायच्या आदल्या दिवशी, एअरपोर्टवर नाही, नवीन सेमिस्टरचं टाइमटेबल घेऊन बसा आणि पहिल्या स्टेपचा कागद परत काढा. आमचा दुसऱ्या वर्षीचा पहिला कॉल आम्ही असाच घरी डायनिंग टेबलवर बसून कॅलेंडरमध्ये टाकला होता, माझी बुधवार सकाळ पावणेसात, त्याची मंगळवार रात्र सव्वासात, जानेवारी असल्यामुळे अर्धा तास मिळवून.